वीज मंडळाच्या चार कंपन्या : ताबा एकीचा, कर्तव्य प्रत्येकीचे

शिरपुरात आपल्या घरी येणारं विजेचं बिल महावितरणचं असतं. ती वीज ज्या उच्चदाब वाहिन्यांवरून येते त्या महापारेषणच्या. आणि भुसावळजवळच्या दीपनगरचं औष्णिक केंद्र किंवा साक्रीचा सौर प्रकल्प, हे महानिर्मितीचे. पूर्वी हे सगळं एकच होतं, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी मंडळाची विभागणी झाली. आपण म्हणतो तीन कंपन्या झाल्या. खरं म्हणजे झाल्या चार. चौथी कुणाला दिसत नाही, कारण ती वीज बनवत नाही, वाहून नेत नाही, विकतही नाही. तिचं नाव एमएसईबी सूत्रधारी कंपनी. बाकी तिघींचे शेअर तिच्याकडे आहेत आणि तिचे शेअर राज्य सरकारकडे.

'होल्डिंग कंपनी'ला मराठीत कुणीतरी 'सूत्रधारी' हा नेमका शब्द योजला आहे. आजचा आपला प्रश्न असा : सूत्र हातात आहे, हे ओळखायचं कसं? आणि ते एकाच हातात असलं की कारभारात काय बदलतं?

कंपनी कायदा, २०१३ याला दोन कसोट्या देतो. पहिली संचालक मंडळाची. दुसऱ्या कंपनीचे सगळे किंवा बहुसंख्य संचालक नेमण्याचा अथवा काढण्याचा अधिकार एखाद्या कंपनीला असेल, तर ती सूत्रधारी आणि दुसरी तिची उपकंपनी. इथे एकही शेअर लागत नाही. करारातून किंवा नियमावलीतून आलेला अधिकार पुरतो. दुसरी कसोटी मतांची : एकूण मताधिकारापैकी निम्म्याहून अधिक मतं हाती असणं. मूळ कायद्यात 'भागभांडवल' असा शब्द होता, २०१७ च्या दुरुस्तीने तो 'मताधिकार' झाला. फरक बारीक आहे, पण अर्थाचा आहे. पैसा किती घातला हे विचारायचं नाही, शब्द कुणाचा चालतो हे विचारायचं.

आणि ही मतं थेट हातात असायला हवीत असंही नाही. समजा 'क' कंपनीची ४० टक्के मतं 'अ'कडे आहेत आणि १५ टक्के 'अ'च्या उपकंपनीकडे. बेरीज ५५ झाली, म्हणजे 'क' ही 'अ'ची उपकंपनी. साखळी कितीही लांब असो, ताबा टोकापर्यंत पोचतो.

महावितरणला दोन्ही कसोट्या सहज लागू पडतात. त्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. महावितरणचे शेअर सरकारकडे थेट नाहीत, तरी ती सरकारी कंपनीच, कारण सरकारी कंपनीची उपकंपनीही कायद्याने सरकारी ठरते. म्हणून तिचा लेखापरीक्षक महालेखापरीक्षक नेमतात आणि तिच्या हिशेबावर आपले शेरेही देतात. नातं कागदावरचं असलं तरी परिणाम असे प्रत्यक्ष असतात.

आता बघा, ताबा साखळीतून वाहतो, पण कर्तव्य वाहत नाही. प्रत्येक कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती. व्होडाफोन खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच मांडलं : मातृकंपनीकडे सगळे शेअर असले, म्हणून उपकंपनीची मालमत्ता तिची होत नाही. महानिर्मितीला कर्ज देणाऱ्या बँकेने वेगळी हमी घेतली नसेल, तर वसुलीसाठी तिला सूत्रधारी कंपनीच्या दारात जाता येत नाही. आणि कलम १६६ प्रमाणे महानिर्मितीच्या संचालकाने हित पाहायचं ते महानिर्मितीचं. त्याला कुणी नेमलं, हा प्रश्न तिथे येत नाही.

आता पेच कुठे पडतो ते पाहू. महावितरणची सर्वांत मोठी वीजविक्रेती महानिर्मिती. कृषिपंपांची थकबाकी वसूल होत नाही, अनुदान उशिरा येतं, मग महावितरणकडे रोकड कमी पडते. बाहेरच्या खाजगी वीज कंपनीचे पैसे थांबवले तर ती आयोगाकडे जाईल, न्यायालयात जाईल. बहिणीचे थांबवले तर? बहीण तगादा लावते, पण किती लावणार? तिचे संचालक नेमणारा हात आणि समोरच्या कंपनीचे संचालक नेमणारा हात एकच आहे. इथे कुणी माणूस वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. रचनाच अशी आहे की येणं मागणारा आणि देणं टाळणारा, दोघंही एकाच मालकाकडे पाहतात.

एक काल्पनिक आकडा घेऊ. वीज बनवणारीचे १०० रुपये वर्षभर अडकले. कोळसा तर रोज लागतो, म्हणून तिने बँकेकडून ९ टक्क्यांनी १०० रुपये उचलले. वर्षअखेर तिच्या ताळेबंदात १०० रुपये येणं, वितरण कंपनीच्या ताळेबंदात १०० रुपये देणं. कायद्याप्रमाणे मातृकंपनीला समूहाचे एकत्रित हिशेबही मांडावे लागतात. त्यात समूहातल्या समूहात असलेलं येणं-देणं वजा होतं, आणि ते योग्यच आहे, कारण उजव्या खिशाने डाव्या खिशाला देणं म्हणजे समूहाचं देणं नव्हे. पण त्यामुळे ते १०० रुपये एकत्रित ताळेबंदातून पुसले जातात. उरतं ते बँकेचं १०० रुपयांचं कर्ज आणि ९ रुपये व्याज. वाचणाऱ्याला व्याज दिसतं, त्याचं कारण दिसत नाही. त्या ९ रुपयांपैकी किती वीजदरात घ्यायचे, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्याने नाकारले तर तोटा कंपनीच्या, म्हणजे शेवटी राज्याच्या तिजोरीच्या अंगावर. मान्य केले तर तुमच्या-आमच्या बिलावर.

खाजगी समूहात अशा व्यवहाराला एक अडसर असतो : अल्पसंख्य भागधारक. संबंधित कंपन्यांमधले मोठे करार नेहमीच्या व्यवहारातले आणि बाजारभावाचे नसतील, तर भागधारकांचा ठराव लागतो आणि हितसंबंधी भागधारकाला त्यात मत नसतं. इथे अल्पसंख्य भागधारकच नाहीत. शिवाय सरकारी कंपन्यांच्या आपसातल्या करारांना ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने या ठरावातून सूट दिली आहे. मग राखण करणारे उरतात तीन : नियामक आयोग, महालेखापरीक्षक आणि कर्ज देणारी बँक. तिघंही बाहेरचे, आणि तिघंही बहुधा घटना घडून गेल्यावर येणारे.

मग मंडळाचं विभाजन चुकलं का? तसं म्हणता येणार नाही. एकाच मंडळात सगळं होतं तेव्हा हे १०० रुपये कुठेच लिहिले जात नव्हते. तोटा कुठे जन्मला, वीज बनवताना, वाहताना की विकताना, हे कळायला मार्ग नव्हता. वेगळ्या कंपन्यांमुळे निदान नोंद होते. शेतकऱ्याला स्वस्त वीज द्यावी, असा निर्णय राज्य घेऊ शकतं, आणि त्याचा खर्च अनुदान म्हणून अर्थसंकल्पात उघडपणे दाखवूही शकतं. तोच खर्च बहिणीचं बिल थकवून भागवला, तर निर्णय झालेला असतो, पण तो घेतला कुणी याचा कागद सापडत नाही.

म्हणून कुठलाही समूह तपासताना एकत्रित ताळेबंदावर थांबू नये. प्रत्येक उपकंपनीचा स्वतंत्र ताळेबंद उघडावा आणि संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप वाचावी. समूहातल्या कंपनीकडून येणं किती आहे आणि ते किती जुनं आहे, हे पाहावं. विक्री स्थिर असताना ते येणं आणि त्याच्या जोडीने बँकेचं कर्ज, दोन्ही दरवर्षी वाढत असतील, तर समजावं की एका कंपनीचा तोटा दुसरी उचलते आहे. मग संचालकांची यादी पाहावी आणि त्यातलं कोण कोण दोन्हीकडे बसतं, ते मोजावं.