कोटेशन नाकारताना

समजा, सोसायटीच्या बाहेरच्या रंगकामासाठी तीन कोटेशनं आली आणि काम दुसऱ्याला द्यायचं ठरलं. उरलेल्या दोघांना बहुतेक वेळा काहीच कळवलं जात नाही. त्यांनी मात्र इमारतीची मापं घेतलेली असतात, भेगा तपासलेल्या असतात. पुढच्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी बोलावलं, की ते येत नाहीत किंवा दर चढवून सांगतात.

निवडलेल्या कंत्राटदाराने वर्क ऑर्डर स्वीकारली, की लगेच बाकीच्यांना कळवावं. त्याआधी नको, कारण त्याने ऐनवेळी माघार घेतली तर यांच्याकडेच जावं लागतं. आधी फोन करावा, मग दोन ओळी लिहून पाठवाव्यात:

‘नमस्कार. आपण जागेवर येऊन सविस्तर कोटेशन दिलंत, त्याबद्दल आभार. रंगकाम दुसऱ्या कंत्राटदाराला दिलं आहे. आपला दर आमच्या मंजूर रकमेपेक्षा जास्त होता. भेगा भरण्याची आपली पद्धत समितीला पटली. गच्चीच्या कामाची कोटेशनं मागवू तेव्हा आपल्यालाही कळवू.’

‘काम दिलं आहे’ हे स्पष्ट लिहावं. नुसतं ‘दर जास्त वाटतो’ म्हटलं, तर समोरचा दर कमी करून पुन्हा बोलणी सुरू करतो. कारण एकच आणि खरं द्यावं. दुसऱ्याचा आकडा मात्र सांगू नये. आज त्याचा आकडा फोडला, तर उद्या आपलाही फोडतील, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आणि गच्चीचं काम खरोखर ठरलेलं नसेल, तर शेवटचं वाक्य गाळावं.