परदेशी गेलेला घरचा माणूस (भाग 6) : अटक तिकडे, पुरावा इकडे

मागच्या भागात नोकरीचा करार आणि एजंटचा परवाना कसा तपासायचा ते पाहिले. आज त्याहून अवघड प्रसंगाबद्दल लिहितो. मलकापूर किंवा मेहकरच्या एखाद्या घरात रात्री फोन येतो. बोलणारा मुलाच्या खोलीतला सोबती असतो. "त्याला पोलिसांनी नेलंय, फोन बंद आहे," एवढेच तो सांगतो. कशासाठी नेले, कुठे ठेवले, काहीच कळत नाही. घरचे आधी एजंटकडे धावतात, मग पुढाऱ्याकडे. मग नागपूरचा कुणी वकील "तिकडची केस मी पाहतो" म्हणतो आणि पैसे त्याच्या हाती जातात. यात जे पंधरा दिवस जातात तेच सर्वात मोलाचे असतात.

भारताचे 10 हजारांवर नागरिक परदेशांतील तुरुंगांत असल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने 2025 मध्ये संसदेत सांगितले. त्यांत कच्चे कैदीही धरलेले आहेत. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती हे दोन देश त्यात सर्वात वर आहेत, आणि आपल्या भागातून आखातात गेलेली माणसे बहुतेक याच दोन देशांत काम करतात. म्हणून ही माहिती आखात डोळ्यांसमोर ठेवून देत आहे.

या विषयातले सर्वात शिकण्याजोगे प्रकरण मुंबईतले आहे. 2019 च्या जुलैमध्ये मुंबईचे एक नवविवाहित जोडपे कतारला गेले. सहलीचा खर्च एका नातेवाईक बाईने केला होता. जाताना तिने त्यांच्या हाती एक पुडके दिले आणि आत तंबाखू असल्याचे सांगितले. दोह्याच्या हमाद विमानतळावर त्या सामानातून सुमारे 4 किलो चरस निघाले. पत्नी गरोदर होती. खालच्या न्यायालयाने दोघांना 10 वर्षे कैद आणि प्रत्येकी 3 लाख रियाल दंड सुनावला. मुलगी तुरुंगातच जन्मली. पहिले अपील फेटाळले गेले.

इथपर्यंतची गोष्ट शेकडो घरांची असते. वेगळे घडले ते मुंबईत. पत्नीच्या वडिलांनी दोह्यातल्या वकिलावर सगळे सोपवून हात जोडून बसणे पत्करले नाही. पुडके कोणी दिले, का दिले, हे सिद्ध करणारे सगळे मुंबईतच होते. नातेवाईक बाईच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग, सहलीची बुकिंग आणि इतर माहिती घेऊन ते अंमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे गेले आणि लेखी तक्रार दिली. एनसीबीने इकडे तपास केला आणि 2020 मध्ये त्या बाईला व तिच्या साथीदाराला अटक झाली. तपासातून जे निघाले ते सरकारी मार्गाने दोह्याला पोहोचले. जानेवारी 2021 मध्ये कतारच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले. 29 मार्च 2021 रोजी दोघे निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये लेकरासह घरी आले.

दोह्यातला वकील कितीही हुशार असला तरी मुंबईच्या घरात झालेले बोलणे त्याला शोधता आले नसते. भारतीय दूतावासालाही नाही. ते काम घरच्यांचेच होते. परदेशी अटक झाली की कुटुंबाने हे सर्वप्रथम समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. खटला तिकडे चालतो, पण बचावाचे निम्मे सामान बुलढाण्यात असते.

आता पावले पाहू. समजा मोताळा तालुक्यातला एक तरुण दुबईत गोदामात काम करतो आणि त्याला अटक झाली. पहिल्या दिवशी घरच्यांनी एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात: पासपोर्टवर आहे तसेच नाव, पासपोर्ट क्रमांक, तिकडच्या ओळखपत्राचा क्रमांक (अमिरातीत एमिरेट्स आयडी, सौदीत इकामा), कफील म्हणजे मालकाचे किंवा कंपनीचे नाव, कामाचे शहर, शेवटचा फोन कधी आला ती तारीख, आणि पोलिस ठाण्याचे नाव कळले असल्यास ते. सोबत्याने सांगितलेले त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. आठवडाभराने तोच माणूस घाबरून वेगळे सांगतो किंवा फोनच उचलत नाही.

हा कागद योग्य कार्यालयाकडे गेला पाहिजे, आणि इथे बरीच कुटुंबे चुकतात. दुबई, शारजा, अजमान हा भाग दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतो, अबुधाबी तिथल्या राजदूतावासाकडे. सौदीत जेद्दा आणि पश्चिमेचा भाग जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे, उरलेला रियाधकडे. चुकीच्या कार्यालयाला पाठवलेला ईमेल फिरत राहतो आणि मुलगा कोठडीत राहतो. ईमेलच्या जोडीने परराष्ट्र मंत्रालयाच्या madad.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. तिथे मिळालेला क्रमांक जपून ठेवा, कारण खासदारांचे पत्र असो की मंत्रालयातला फोन, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारला जातो. संगणक जमत नसेल तर प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा 1800 11 3090 हा मोफत क्रमांक आहे.

दूतावासाचा अधिकारी तुरुंगात भेटायला जाऊ शकतो तो 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमामुळे. अटक केलेल्याला "तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवू का?" हे विलंब न लावता विचारणे यजमान देशावर बंधनकारक आहे. त्याने हो म्हटले की दूतावासाला कळवावेच लागते. अधिकारी त्याला भेटू शकतात, पत्रव्यवहार करू शकतात, वकिलाची सोय करू शकतात. आपल्याच राज्यातल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने हा हक्क नाकारला, तेव्हा भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 17 जुलै 2019 रोजी त्या न्यायालयाने पाकिस्तानने कलम 36 मोडल्याचा निर्णय दिला आणि फाशीच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क जात नाही, हे त्या निकालातून पक्के झाले.

त्या कलमात एक अट आहे. कैद्याने स्वतः नको म्हटले तर दूतावास त्याच्या वतीने काही करू शकत नाही. लाजेपोटी, गावात कळेल या भीतीने काही मुले नको म्हणतात. म्हणून पहिल्याच फोनमध्ये त्याला दोन गोष्टी सांगा: "दूतावासाला कळवा असं पोलिसांना सांग, आणि वाचता न येणाऱ्या कागदावर दुभाष्याशिवाय सही करू नकोस." गुन्ह्याचा तपशील मात्र फोनवर विचारू नका. ते बोलणे ऐकले जात असू शकते.

दूतावास काय करत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे, कारण खोट्या आशेपायी माणसे वकील करायचे थांबतात. दूतावास कुणाला सोडवून आणत नाही, तपास करत नाही, तिथल्या न्यायाधीशाला सांगत नाही, जामिनाची रक्कम सहसा भरत नाही. भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे. त्यातून गरजूंना कायदेशीर मदत आणि किरकोळ गुन्ह्यातला दंड किंवा परतीचे तिकीट मिळू शकते, पण ऐपत पाहून आणि गंभीर गुन्हे वगळून. आखाती दूतावासांकडे वकिलांची यादी असते. ती मागा. प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी असेल तर तिच्यातला कायदेशीर खर्च नोकरीसंबंधीच्या दाव्यापुरता असतो, फौजदारी खटल्याला तो लागू नाही.

तिकडचा वकील हा त्या देशातल्या न्यायालयात उभे राहण्याचा परवाना असलेलाच हवा. नागपूरचा किंवा मुंबईचा वकील तिथे युक्तिवाद करू शकत नाही. दुबई-दोह्यात अनेक भारतीय कायदा सल्लागार आहेत. ते अर्ज तयार करतात आणि कुटुंबाशी हिंदीत बोलतात, याचा उपयोग मोठा आहे. पण न्यायालयात कोण उभे राहणार, त्याचे नाव आणि परवाना क्रमांक काय, हे आधी लेखी घ्या. फी टप्प्यांची ठरवा: पोलिस तपास, पहिले न्यायालय, अपील. पैसे वकिलाच्या कार्यालयाच्या खात्यात, बँकेतून पाठवा. हवाल्याने गेलेल्या पैशाची पावती नसते आणि तसे पाठवणे बेकायदाही आहे. अपिलाची मुदत पहिल्याच दिवशी विचारा. अमिरातीत फौजदारी निकालावर ती 15 दिवसांची असते. निकालाची अरबी प्रत आली, भाषांतर झाले, घरी बैठक झाली, एवढ्यात ते दिवस संपतात.

बुलढाण्यातल्या वकिलाचे काम यापुढे सुरू होते. मुलाला सामान कोणी दिले, एजंटने काय सांगून पाठवले, औषध कोणत्या डॉक्टरने लिहिले, याची प्रतिज्ञापत्रे तो तयार करतो. फसवणूक इकडे झाली असेल तर पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतो. एजंट विनापरवाना असेल तर 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली तक्रार करतो. त्यासाठी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे. ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

इकडचा कागद तिकडच्या न्यायालयात चालायला त्यावर शिक्क्यांची साखळी लागते. आधी नोटरी, मग राज्य शासनाच्या अधिकृत अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय. अमिराती, कतार, कुवेतसाठी त्यानंतर त्या देशाच्या भारतातील दूतावासाचा शिक्का लागतो. सौदी, ओमान, बहरीनसाठी मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो. शेवटी तिकडच्या अधिकृत भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. यात काही आठवडे सहज जातात, म्हणून आरोपपत्राची वाट न पाहता सुरुवात करावी. साधी छायाप्रत व्हॉट्सॲपवर पाठवून वकिलाला मजकूर कळेल, पण न्यायालय ती धरणार नाही.

औषधांचा उल्लेख वर आला. ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि झोपेच्या काही गोळ्या आखातात नियंत्रित आहेत. डॉक्टरची चिठ्ठी सापडली तर इकडून ती लगेच साक्षांकित करून पाठवायची असते. खसखसही तिथे बंदी असलेल्या वस्तूंत येते. दिवाळीला आईने प्रेमाने बांधून दिलेल्या अनारशांवरची खसखस मुलाला कोठडीत नेऊ शकते, हे आपल्याकडे किती घरांना माहीत आहे? गावातल्या दुसऱ्या कुणी "एवढं तिकडं पोहोचव" म्हणून दिलेले पुडके तर उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत जाऊच नये.

या काळात एक फोन हमखास येतो. कुणीतरी दूतावासातून किंवा तुरुंगातून बोलत असल्याचे सांगतो आणि आजच्या आज रक्कम भरली तर सुटका होईल म्हणतो. दूतावास कैद्याला भेटण्याचे पैसे मागत नाही. त्या माणसाला तक्रारीचा क्रमांक विचारा आणि दूतावासाच्या संकेतस्थळावरचा क्रमांक स्वतः लावून खात्री करा.

ज्यांचे कुणी परदेशात आहे त्यांनी आजच त्याच्याकडून पासपोर्ट, व्हिसा, ओळखपत्र, नोकरीचा करार आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती मागवून घरात ठेवाव्यात, आणि त्याच्या दोन सोबत्यांचे फोन क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. शिक्षा कायम झाल्यावर 2003 च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याने उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगण्याचा अर्ज कसा करायचा, ते पुढच्या भागात.