जुन्या माणसाबद्दल विचारणा आली तर

नोकरी सोडून गेलेल्या माणसाची चौकशी करणारी ई-मेल हल्ली चाळीस-पन्नास कामगारांच्या कारखान्यालाही येते. पूर्वी नवा मालक ओळख काढून फोन करायचा. आता पडताळणी करणारी एजन्सी मेलसोबत एक फॉर्म पाठवते. रुजू झाल्याची तारीख, कामाचा शेवटचा दिवस, हुद्दा, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, फुल अँड फायनल हिशेब झाला का, असे त्यातले बहुतेक रकाने साधे असतात. तळाशी मात्र दोन-तीन प्रश्न वेगळे असतात : वर्तणुकीबद्दल काही तक्रार होती का? प्रामाणिकपणाबद्दल काय सांगाल? या व्यक्तीला पुन्हा नोकरीवर घ्याल का?

वरचे रकाने भरायला फाइल काढावी लागते. खालचे बहुतेक जण आठवणीतून भरतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

भोसरीतल्या एखाद्या मशीन शॉपचं कल्पित उदाहरण घेऊ. तिथला स्टोअर सांभाळणारा मुलगा 3 जून 2019 ला असिस्टंट म्हणून लागला आणि 1 एप्रिल 2021 पासून स्टोअर इनचार्ज झाला. 10 फेब्रुवारी 2023 ला त्याने राजीनामा दिला आणि 28 तारखेला तो गेला. नोटीस तीस दिवसांची होती, त्यातले अठरा दिवस त्याने भरले. उरलेल्या बारा दिवसांचे पैसे अंतिम हिशेबातून कापून घेतले. इथवर सगळं कागदावर आहे. पण त्याआधी डिसेंबरमध्ये स्टॉक मोजताना कार्बाइड इन्सर्ट आणि ड्रिल मिळून सुमारे 42,000 रुपयांचा माल कमी भरला होता. स्टोअरची चावी दोन पाळ्यांत तिघांकडे असायची. कुणाला मेमो दिला नाही, कुणाचा जबाब घेतला नाही, चौकशी झाली नाही. मालकाच्या मनात मात्र संशय या मुलाचाच राहिला. आता चाकणच्या एका कंपनीसाठी पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा फॉर्म समोर आहे आणि ‘प्रामाणिकपणा’ या रकान्यावर मालकाचं पेन थांबलं आहे.

लिहायला बसण्याआधी त्याने दोन गोष्टी पाहायला हव्यात. विचारणारा खरोखर कोण आहे, ही पहिली. मेल कंपनीच्या किंवा एजन्सीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आली आहे का, हे बघावं. शंका आली तर मेलमधल्या नंबरवर फोन न करता कंपनीचा नंबर स्वतः शोधून खात्री करावी. पगाराची माहिती काढण्यासाठी नव्या मालकाचं सोंग घेणारेही असतात. दुसरी गोष्ट उमेदवाराच्या संमतीची. नीट काम करणारी एजन्सी त्याच्या सहीचं संमतिपत्र जोडते. नसेल तर मागून घ्यावं आणि ते येईपर्यंत उत्तर देऊ नये. तो अजून कुठे काम करतो, त्याने तिथे राजीनामा दिला आहे की नाही, हे आपल्याला माहीत नसतं.

मग फाइल उघडायची. नेमणूकपत्र, बढतीचं पत्र, राजीनामा, तो स्वीकारल्याचं पत्र, अंतिम हिशेब, रिलीव्हिंग लेटर हे सगळं समोर ठेवायचं. प्रॉव्हिडंट फंडाच्या पोर्टलवर आपण त्याची नोकरी सोडल्याची कोणती तारीख भरली होती, तीही पडताळून पाहायची. रिलीव्हिंग लेटरवर 28 फेब्रुवारी आणि पोर्टलवर 31 मार्च असेल, तर नवी कंपनी त्या मुलालाच खोटा समजेल, आणि चूक आपल्या क्लार्कची असेल. अशी तफावत सापडली तर आधी ती दुरुस्त करावी, मग उत्तर पाठवावं.

उलटंही होतं. फॉर्ममध्ये उमेदवाराने स्वतः दिलेली माहिती छापलेली असते आणि ती आपल्या नोंदीशी जुळत नाही. समजा त्याने पगार 32,000 लिहिला आहे आणि आपल्या पगारपत्रकात 28,500 आहे. तिथे ‘खोटी माहिती’ असा शेरा मारायची काही गरज नाही. त्याने कदाचित ओव्हरटाइम धरला असेल, कदाचित बोनस वाटून धरला असेल. ‘आमच्या पगारपत्रकानुसार फेब्रुवारी 2023 चा एकूण पगार 28,500 रुपये, ओव्हरटाइम वगळून’ एवढं लिहिलं की आपलं काम संपलं. फरकाचा अर्थ काय लावायचा ते नवी कंपनी त्याला विचारून ठरवेल.

सोडण्याच्या कारणाबाबत सर्वात जास्त अन्याय ‘अब्स्कॉन्डिंग’ या शब्दाने होतो. नोटीस पूर्ण भरली नाही की हा शब्द टाकायची अनेक ऑफिसांत सवय आहे. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस न सांगता पळाला. आपल्या उदाहरणातल्या मुलाने लेखी राजीनामा दिला, अठरा दिवस काम केलं आणि बाकीचे पैसे भरले. त्याच्याबद्दल हा शब्द सरळ चुकीचा ठरेल.

उत्तर असं जाऊ शकतं : ‘श्री. अमुक हे आमच्याकडे 3 जून 2019 ते 28 फेब्रुवारी 2023 या काळात नोकरीस होते. सुरुवातीला स्टोअर असिस्टंट आणि 1 एप्रिल 2021 पासून स्टोअर इनचार्ज या पदावर त्यांनी काम केले. त्यांनी 10 फेब्रुवारी 2023 रोजी राजीनामा दिला व तो स्वीकारण्यात आला. नोटीस कालावधीतील बारा दिवसांची रक्कम अंतिम हिशेबात समायोजित करण्यात आली असून कोणतेही येणे बाकी नाही. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाल्याची नोंद आमच्याकडे नाही. वर्तणूक व पुनर्नियुक्ती यांबाबत मत न देण्याचे आमचे धोरण सर्व माजी कर्मचाऱ्यांसाठी सारखे आहे. ही माहिती आमच्या नोंदींवर आधारित असून केवळ आपल्या उपयोगासाठी आहे.’

42,000 रुपयांचा यात उल्लेख नाही आणि तो नसावाच. काही मालकांना ही लपवाछपवी वाटते. ‘उद्या तिकडेही माल गेला तर?’ असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण सांगायचं तरी काय? माल कमी भरला, हे खरं. तो याने नेला, हे मालकाला माहीत नाही, तशी त्याला शंका आहे. चावी असलेल्या उरलेल्या दोघांपैकी कुणी नोकरी बदलली असती, तर मालकाने त्याच्याबद्दलही हेच लिहिलं असतं का?

कायदाही इथेच बोट ठेवतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या 499 आणि 500 या कलमांत होता. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. त्याच कलमात अपवादही आहेत. समोरच्याच्या हितासाठी सद्भावनेने दिलेली सूचना किंवा हितसंबंधांच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. रेफरन्स देणाऱ्याला आधार याच अपवादांचा आहे. पण सद्भावना म्हणजे नुसतं चांगलं मन नव्हे. जी गोष्ट योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केली किंवा खरी मानली, ती सद्भावनेने केली असं कायदा म्हणत नाही. शिवाय अपवादाचा आधार घेणाऱ्यालाच तो लागू होतो हे दाखवावं लागतं. डिसेंबरमध्ये साधा जबाबही न घेतलेल्या मालकाकडे दाखवायला काय आहे?

इंग्लंडमध्ये या विषयावर बरेच वाद कोर्टात गेले. तिथले निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण त्यातली विचारसरणी उपयोगी आहे. 1994 मध्ये ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने मोठा निर्णय दिला. एका विमा विक्रेत्याबद्दल जुन्या कंपनीने अतिशय वाईट रेफरन्स दिला, त्याच्या सचोटीवरच बोट ठेवलं, आणि त्याला दुसरी नोकरी मिळेना. लिहिणाऱ्यांच्या मनात डूख नव्हता, त्यांना ते खरं वाटत होतं. पण खातरजमा निष्काळजीपणे झाली होती. रेफरन्स लिहिताना माजी कर्मचाऱ्याबाबत वाजवी काळजी घेणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, असं बहुमताने ठरलं.

मग वाईट काहीच सांगायचं नाही का? सांगता येतं, आणि कधी सांगावंच लागतं. 1999 चा ‘बार्थोलोम्यू विरुद्ध हॅकनी’ हा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. लंडनच्या हॅकनी पालिकेतला एक अधिकारी स्वेच्छेने नोकरी सोडून गेला, तेव्हा तो निलंबित होता आणि गैरवर्तनाची कारवाई सुरू झालेली होती. पालिकेने रेफरन्समध्ये तेवढंच लिहिलं : निलंबन होतं, कारवाई सुरू झाली होती, तो गेल्यावर ती आपोआप संपली. रेफरन्समधलं प्रत्येक वाक्य खरं असावं, शिवाय सगळं मिळून होणारा ग्रहही न्याय्य असावा, या कसोटीला ते उत्तर अपील कोर्टात उतरलं. आपल्या भोसरीच्या मालकाने डिसेंबरमध्येच आरोपपत्र देऊन चौकशी सुरू केली असती आणि मुलगा मध्येच राजीनामा देऊन गेला असता, तर त्यालाही अशाच तीन वाक्यांत लिहिता आलं असतं. ‘चोरी केली’ असं मात्र तेव्हाही लिहिता आलं नसतं, कारण निष्कर्ष निघालेला नाही.

काही गोष्टी खऱ्या असूनही सांगायच्या नसतात. आजारपणाच्या रजेचं कारण, बाळंतपण, युनियनमधलं काम, घरची भांडणं यांचा नव्या नोकरीशी संबंध नाही आणि विचारलं तरी उत्तर देऊ नये. लैंगिक छळाच्या तक्रारीचा तपशील तर 2013 च्या कायद्याने गोपनीय ठेवला आहे. त्याबद्दल वकिलाला विचारल्याशिवाय एक अक्षरही लिहू नये.

बाकी धोका फोनचा. लेखी उत्तर नेमकं जातं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो : ‘साहेब, कागद मिळाला. पण आपल्यातलं म्हणून सांगा, माणूस कसा आहे?’ इथे भलेभले घसरतात. बदनामीच्या कलमात बोललेले शब्दही येतात, आणि बोललेलं पुढे कसं सांगितलं जाईल यावर आपला ताबा नसतो. ‘जे लिहिलंय त्यापलीकडे माझ्याकडे काही नाही’ हे उत्तर द्यावं आणि सूरही तसाच ठेवावा. अर्थपूर्ण थांबून ‘नको, राहू द्या’ म्हटलं, तर त्या मुलाचं नुकसान करायला तेवढं पुरतं. म्हणूनच उत्तर देणारी व्यक्ती ऑफिसात एकच ठरवावी आणि सुपरवायझर, अकाउंटंट सगळ्यांनी फोन तिच्याकडे वळवावा.

मत न देण्याचं धोरण सगळ्यांना सारखं लागू व्हायला हवं. आवडत्या माणसासाठी पानभर कौतुक आणि नावडत्यासाठी नुसत्या तारखा असं सुरू झालं, की त्या तारखाच शेरा बनतात. ज्यांना सविस्तर मत द्यायचंच आहे त्यांनी खुशाल द्यावं, पण चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंना कागदाचा आधार ठेवून, आणि सर्वांसाठी.

मालकांना एक विनंती आहे. माणूस जातो त्याच दिवशी फाइल समोर ठेवून तारखा, हुद्दे आणि अंतिम हिशेब यांचं एक पानी सेवापत्र तयार करा, एक प्रत त्याला द्या, एक फाइलला लावा. ते अडवून ठेवू नका. वर्षा-दोन वर्षांनी विचारणा येईल तेव्हा तेच पान बघून उत्तर द्या, आणि पाठवलेल्या उत्तराची प्रत तारखेसह त्याच फाइलमध्ये ठेवा.