नीलमाच्या मधोमध ‘खिडकी’ कशी पडते?

मंगनीची किंवा निकाहाची अंगठी घेताना आपण खड्याचा रंग पाहतो, वजन विचारतो आणि भाव करतो. खडा कापला कसा आहे, हे क्वचितच कुणी विचारते. घरी आल्यावर तोच खडा मधोमध फिका, काचेच्या तुकड्यासारखा वाटतो, नाहीतर मध्यभागी काळवंडलेला दिसतो. मग तो नकलीच असावा, अशी शंका येते. पुष्कळदा खडा अस्सलच असतो, दोष कापणीत असतो. हा दोष दुकानातच कसा ओळखावा, हे नीलमाचे उदाहरण घेऊन आम्ही इथे सांगत आहोत.

पैलूदार खड्याचे काम आरशासारखे चालते. उजेड वरच्या सपाट चेहऱ्यातून आत जातो, खालच्या उतरत्या पैलूंवर आपटतो, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळतो आणि वर आपल्या डोळ्यांकडे परततो. ही सारी करामत खालच्या पैलूंच्या उताराची. नीलमात हा उतार साधारण ४० ते ४३ अंश असला, तर उजेड चांगला परततो. उतार ३५ अंशांच्या खाली गेला, तर सरळ आत आलेला उजेड वळतच नाही, खालून निघून जातो. मग खड्यातून पलीकडचे बोट दिसते. यालाच जाणकार ‘खिडकी’ म्हणतात. उलट उतार ४८ अंशांच्या वर गेला, तर उजेड पहिल्या पैलूवर वळतो खरा, पण समोरच्या पैलूतून बाहेर निसटतो. वर काही परत येत नाही आणि मधला भाग अंधारा दिसतो.

कारागिराला हे ठाऊक नसते असे नाही. पण खडा कॅरटवर विकला जातो आणि नीट कापायचा तर कच्च्या दगडाचे निम्मे किंवा त्याहूनही जास्त वजन घासण्यात जाते. ते वाचवण्यासाठी चपटा दगड चपटाच ठेवतात आणि जाड दगडाचे पोट तसेच सोडतात.

एक हिशेब पाहा. दीड कॅरटचे तीन लांबट गोल नीलम समोर आहेत. पहिला ८ मिलिमीटर लांब, ६ रुंद आणि सुमारे ३.९ खोल आहे. दुसरा ९ लांब, ७ रुंद, पण केवळ ३ खोल. तिसरा ७ लांब, साडेपाच रुंद आणि ४.९ खोल. वजन तिघांचेही जवळपास सारखेच. दुसरा वरून सर्वांत मोठा दिसतो, म्हणून मन त्यावरच जाते, पण खिडकी पडण्याची भीती त्यालाच जास्त. तिसऱ्याचे वजन पोटात दडलेले असते. पैसे दीड कॅरटचे मोजायचे आणि बोटावर दिसणार लहान, बहुधा काळसर खडा! म्हणून वजनाबरोबर लांबी, रुंदी, खोलीही विचारावी. खोली रुंदीच्या ६० ते ७५ टक्क्यांच्या आसपास असली, तर पुढे पाहायला हरकत नाही.

खडा सुटा असतानाच पाहावा. तो छापील कागदावर चेहरा वर करून ठेवा आणि अगदी सरळ वरून पाहा. मधोमध अक्षरे वाचता आली, तर खिडकी आहे. तिरके पाहू नका. तिरपा केल्यावर चांगल्या खड्यातूनही पलीकडचे थोडे दिसतेच. नंतर चिमट्यात धरून बाजूने पाहा. पोट फुगलेले किंवा एका अंगाला कललेले असेल, तर ते लगेच कळते.

काळेपणासाठी दुकानातल्या झगझगीत दिव्यांखालून दूर, दाराशी दिवसाच्या उजेडात या. खडा हातभर अंतरावर धरून हळूहळू हलवा. काळे ठिपके जागा बदलत लुकलुकत असतील, तर काळजी नको. थोडा काळा-उजळ खेळ प्रत्येक पैलूदार खड्यात असतो, कारण काही पैलूंत आपल्याच डोक्याची सावली पडते. पण मधला काळा डाग हलवूनही तिथेच राहिला, तर तो खडा सोडावा. काही नीलमांचा रंगच इतका गडद असतो, की उत्तम कापणीही त्यांना उजळवू शकत नाही.

तयार अंगठी घेताना कोंदण मागून बंद आहे का, ते पाहा. बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत पत्रा बसवून खिडकी झाकता येते. ती अंगठी घ्यायचीच असेल, तर आधी खडा काढून दाखवायला सांगा.

लहानशी खिडकी पुष्कळ नीलमांत असते. रंग सुंदर असेल आणि भाव त्या मानाने कमी असेल, तर तेवढ्यासाठी खडा नाकारू नये. खडा पुन्हा कापून दोष घालवता येतो, पण वजन घटते आणि मजुरी वेगळी लागते. हा खर्च भावात आधीच धरावा. अकीक आणि फिरोजा यांना ही कसोटी लावू नका. ते बहुधा घुमटासारखे गुळगुळीत घासतात आणि त्यांची शोभा आतून परतणाऱ्या उजेडावर नसते.