उ. १३८, जे. २१२

आईच्या वहीतले जुलैचे पान डॉक्टरांनी दोनदा वाचले, एकदा उलटून पाहिले आणि विचारले, "हे वाढतंय की कमी होतंय?" आई माझ्याकडे बघू लागली. मी वहीकडे. ३/७, उ. १३८, बी.पी. १४६/८८. त्याखाली जे. २१२. मग ४/७, उ. १२९. मग ५/७ आणि पुढे नुसते १४८. मग ८/७, उ. १५१, आणि समासात दोन बी.पी., १५२/९० आणि १४०/८६. थोडे खाली तारखेच्या जागी 'एकादशी, बुध' आणि जे. २४१. 'उ.' म्हणजे उपाशीपोटी, 'जे.' म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी. एवढे आईच्या मनात पक्के होते. वाढतंय की कमी होतंय, हे मात्र पान बघून कुणालाच सांगता आले नसते.

घरी येऊन मी लॅपटॉपवर गुगल शीट उघडले. आलेख काढायला दोन मिनिटे लागतात, हे मला माहीत होते. तो आलेख खोटा निघू नये म्हणून मात्र अख्खा रविवार गेला.

पहिला गोंधळ अंकांचा. आई अर्धे अंक देवनागरीत लिहिते, अर्धे इंग्रजीत, कधी एकाच आकड्यात दोन्ही. घाईत लिहिलेला देवनागरी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, देवनागरी एक इंग्रजी नवासारखा आणि पाच इंग्रजी चारासारखा. त्यामुळे आई शेजारी बसून आकडा मोठ्याने वाचणार आणि मी टाईप करणार, असे ठरवले. शीटमध्ये सगळे इंग्रजी अंकांतच भरले. देवनागरीत टाकलेला आकडा शीटने नुसता मजकूर म्हणून धरला, तर तो ना बेरजेत येतो ना आलेखात, आणि डोळ्यांना तर तो ठीकच दिसत असतो.

रकाने आठ केले: तारीख, वेळ, उपाशी, जेवणानंतर, वरचे बी.पी., खालचे बी.पी., टीप आणि वहीचे पान. बी.पी. १४६/८८ एकाच रकान्यात लिहिले तर शीटला तो आकडा कळत नाही, म्हणून वरचे आणि खालचे वेगळे. उपाशी आणि जेवणानंतरची शुगर एकाच रकान्यात ठेवायचा मोह मलाही झाला. पण मग रेघ १३८ वरून २१२ वर, तिथून १२९ वर अशी करवतीच्या दात्यांसारखी जाते आणि पाहणाऱ्याला वाटते, शुगर थाऱ्यावर नाही. मुळात ती दोन वेगळी मापे आहेत. पानाचा रकाना मी केवळ सोयीसाठी घातला होता, आणि शेवटी तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण शंका आली की थेट वहीत जाता येत होते. ८ जुलैच्या ओळी अशा झाल्या:

```
2024-07-08,06:50,151,,,,,14
2024-07-08,07:05,,,152,90,,14
2024-07-08,07:06,,,140,86,,14
```

दोन बी.पी.पैकी चांगले तेवढे लिहायचे, ही घरोघरची रीत. एक मिनिटाच्या अंतराने घेतलेली दोन्ही मापे ठेवायची आणि सरासरी धरायची, हे बरोबर. इथे ती १४६/८८ येते. ३ तारखेलाही तेच होते, हा योगायोग.

आता तारखा. वरच्या ओळींत मी साल-महिना-दिवस असा क्रम लिहिला आहे, पण हे शहाणपण नंतरचे. पहिल्यांदा मी वहीत होते तसेच, 3/7/2024, 4/7/2024 असे टाकत गेले. आलेख काढला तर आईने मार्चपासून डिसेंबरपर्यंत अधूनमधून, आणि तेही नेमकी ७ तारखेलाच शुगर तपासल्याचे दिसले! डिसेंबर तर अजून यायचा होता. कारण साधे होते. माझ्या शीटला देश अमेरिका लावलेला होता आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. तीन जुलैचा सात मार्च झाला, चार जुलैचा सात एप्रिल, बारा जुलैचा सात डिसेंबर. तेरा जुलैपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे शीटने हात टेकले आणि त्या तारखा मजकूर म्हणून सोडून दिल्या.

हे ओळखायची खूण सोपी आहे. शीटला कळलेली तारीख सेलमध्ये उजवीकडे सरकते, न कळलेली डावीकडे राहते. एकाच रकान्यात काही उजवीकडे, काही डावीकडे दिसल्या की समजावे, घोळ आहे, आणि उजवीकडच्याच जास्त धोकादायक आहेत, कारण त्या चुकीच्या असूनही शीटला बरोबर वाटतात. `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` ला `India` निवडले की पुढच्या नोंदी नीट पडतात. मात्र आधीच्या आपोआप सुधारत नाहीत. सात मार्च सात मार्चच राहतो, फक्त तो लिहायची पद्धत बदलते. उलटलेल्या तारखा शेजारच्या मोकळ्या रकान्यात या सूत्राने सरळ करता येतात, डावीकडे राहिलेल्या पुन्हा टाईप कराव्या लागतात:

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

एक्सेल वापरत असाल तर तो देश संगणकाच्या सेटिंगमधून घेतो. साल-दिवसाच्या भानगडीत पडायचे नसेल तर 2024-07-03 असे लिहावे, त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

राहिली 'एकादशी, बुध'. वहीत साल कुठेच नव्हते आणि जुलै दोनदा येत होता. वार कामी आला. २०२४ मध्ये आषाढी १७ जुलैला होती आणि त्या दिवशी बुधवार होता. आदल्या वर्षीची आषाढी जूनमध्येच, २९ तारखेला गुरुवारी होऊन गेली होती. तारीख भरली, टीपेत 'साबुदाणा' लिहिले. २४१ चा तो आकडा टीपेशिवाय नुसता घाबरवतो.

५ जुलैच्या १४८ ला काय करायचे? उपाशी की जेवणानंतर, आईला आठवेना. अंदाजाने एका रकान्यात टाकण्यापेक्षा टीपेत ठेवलेला बरा, असे म्हणून मी पुढे गेले. मग सुचले की शुगरच्या मशीनला स्मरण असते. मागे मागे जात गेले तर १४८ सापडला, सकाळी ६:५२. म्हणजे उपाशी. पण त्याआधी मशीनचे घड्याळ बरोबर आहे ना, हे पाहावे लागते. सेल बदलल्यावर ते मागे पडलेले असू शकते. बी.पी.च्या मशीनचे स्मरण त्याहून अविश्वासू, कारण आमच्या मशीनवर शेजारच्या काकूही हात पुढे करतात.

त्याच शोधात ९ जुलैचा एक २६८ निघाला. वहीत नव्हता.

"हा लिहिला नाहीस?"

"बारशाला श्रीखंड होतं गं. तो काय खरा आकडा?"

आई काही जगावेगळी नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णांना न सांगता स्मरण असलेली मशीन देऊन त्यांच्या वह्या ताडून पाहिल्या होत्या. काही आकडे वहीत गाळलेले होते, तर काही वहीत होते पण मशीनमध्ये नव्हतेच. मी २६८ भरला आणि टीपेत श्रीखंड.

६ आणि ७ जुलैला आईने तपासलेच नव्हते. तिथे शून्य टाकायचे नाही, जागा रिकामी सोडायची. ३ ते ८ जुलैचे उपाशीचे चार आकडे, १३८, १२९, १४८ आणि १५१, यांची सरासरी १४१.५ येते. दोन शून्ये घुसवली की तीच ९४.३ होते. असा सुंदर आकडा बघून कुणी गोळी कमी केली तर?

मग सात दिवसांची सरासरी. रोजच्या आकड्यावर फार विसंबता येत नाही, कारण घरगुती मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या पुढे १५ टक्के इकडे-तिकडे चालते. म्हणजे १४० च्या आसपास एकवीस. १२९ आणि १३८ मध्ये सुधारणा शोधणे व्यर्थ. नवव्या, मोकळ्या रकान्यात हे सूत्र टाकले की तपासणी रोज झाली नसली तरी मागच्या सात दिवसांत जेवढे उपाशीचे आकडे असतील तेवढ्यांचीच सरासरी निघते:

```
=AVERAGEIFS(C:C,A:A,">"&A2-7,A:A,"<="&A2)
```

आलेखात उपाशीचे ठिपके, त्यावर या सरासरीची रेघ, आणि जेवणानंतरचे ठिपके वेगळ्या रंगात. रेघेच्या आलेखाऐवजी `Scatter chart` घेतला, कारण त्यात खऱ्या तारखांप्रमाणे अंतर पडते आणि सुटलेले दिवस मोकळे दिसतात. बी.पी.चा कागद वेगळा. उभा अक्ष मी हाताने ५० ते ३०० ठेवला. शीटवर सोडले तर ते कधी कधी १२५ ते १५५ एवढीच पट्टी दाखवते आणि दहाचा फरक डोंगराएवढा दिसतो.

तीन महिन्यांची रेघ बऱ्यापैकी सपाट होती. फक्त ऑगस्टच्या मध्यावर उंचवटा, जेवणानंतरचे ठिपके २८७ पर्यंत, आणि २० तारखेच्या सुमारास सगळे पुन्हा जागेवर. वहीत हे आकडे दोन पानांवर विखुरले होते, कुणाच्या नजरेत आले नव्हते. टीपेच्या रकान्यात १२ ऑगस्टला आईच्या अक्षरातून उतरवलेले तीन शब्द होते: 'गुडघ्यात इंजेक्शन घेतले'.

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत आलेख पाहिला आणि इंजेक्शनचा कागद मागितला. त्यात स्टेरॉइड होते. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडने मधुमेह असलेल्यांची शुगर काही दिवस चढते आणि आपोआप उतरते. त्यांनी गोळी वाढवली नाही. पुढच्या वेळी इंजेक्शन घ्यायच्या आधी मला सांगा, एवढेच म्हणाले.

आई अजून वहीतच लिहिते. शीट मी महिन्यातून एकदा भरते. आता ती प्रत्येक पानाच्या डोक्यावर साल घालते आणि पट्टीने रकाने आखते. अंक मात्र दोन्ही लिपींतलेच आहेत.