केसांखालची बिळे

सव्वीस वर्षांचा एक तरुण. माथ्याच्या मागच्या बाजूला पहिलं गळू उठलं तेव्हा त्याला वाटलं, उन्हाळ्याचं करट असेल. घरी पोटीस बांधून झालं. मग जवळच्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. आठवडाभर बरं वाटलं. मग बोटभर अंतरावर दुसरं गळू आलं, त्यानंतर तिसरं. वर्षभरात चार वेळा चीर झाली, उशीच्या अभ्य्रावर रोज डाग पडू लागले आणि गळवांच्या जागी रुपयाएवढी टक्कलं दिसू लागली. त्वचारोगतज्ज्ञाकडे उशिरा पोचणाऱ्या रुग्णांची कहाणी बहुधा अशीच असते.

या आजाराला डिसेक्टिंग सेल्युलायटिस म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन करणाऱ्यांनी दिलेल्या लॅटिन नावात ‘खालून पोखरणारा’ असा अर्थ आहे, आणि आजाराचं मर्म त्या एका शब्दात आलं आहे. तपासताना गळू कडक लागत नाही. बोटाखाली चिखलावर पाय दिल्यासारखं लिबलिबीत लागतं. एक गळू हलकेच दाबलं, तर दोन-तीन सेंटिमीटर दूरच्या दुसऱ्याच छिद्रातून पू येतो. कातडीखाली घुशीच्या बिळांसारखे एकमेकांना जोडलेले बोगदे तयार झालेले असतात. हे पाहण्यासाठी घरी गळवं दाबून बघू नयेत; त्याने आतली बिळं आणखी पसरतात.

पू दिसला की जंतू, असं समीकरण आपल्या मनात पक्कं असतं. इथे ते फसतं. या पुवाची जंतुतपासणी केली तर कित्येकदा काहीच वाढत नाही. केस ज्या पिशवीतून उगवतो तिचं तोंड मृत पेशींच्या बुचाने बंद होतं. पिशवी आत फुगत जाते आणि शेवटी कातडीच्या खोल थरात फुटते. बाहेर पडलेला केस आणि तो मळ शरीराला परका वाटतो, आणि त्याच्यावर तुटून पडलेल्या पांढऱ्या पेशींचा पू होतो. जंतू आले तरी बहुधा मागाहून येतात. म्हणूनच चीर देऊन ठणका थांबतो, पण बुचं तशीच राहतात आणि गळवं परत येतात. चीर देणाऱ्या डॉक्टरांची यात चूक नसते. एकच गळू समोर असताना हा आजार ओळखणं खरोखर कठीण आहे.

तज्ज्ञ लागतो तो आधी निदानासाठी. लहान मुलाच्या डोक्यावर असंच लिबलिबीत, पू येणारं गळू असेल, तर ते बहुतेक वेळा बुरशीमुळे झालेलं असतं आणि त्याला बुरशीचं औषध पोटात द्यावं लागतं. मोठ्या माणसातही ही शक्यता तपासावीच लागते. त्यासाठी केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंका उरली तर कातडीचा छोटा तुकडा चरबीच्या थरापर्यंत खोल काढून तपासतात. वरवरच्या तुकड्यात आजार सापडत नाही. चांगला तज्ज्ञ काखा, जांघा आणि माकडहाडाची जागाही पाहतो, कारण केसांच्या पिशव्या बंद होण्याचा हाच दोष तिथेही गळवं आणतो. रुग्ण लाजेपोटी ती सांगत नाही.

उपचारात आयसोट्रेटिनॉइन हे औषध बरेचदा वापरतात. ते बुचं तयार होण्यालाच आळा घालतं. मात्रा वजनावर ठरते: दर किलोमागे रोज साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम. आमच्या तरुणाचं वजन साठ किलो, म्हणून रोज तीस मिलिग्रॅमपासून सुरुवात. त्याआधी यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी, आणि मधूनमधून पुन्हा तपासणी. ओठ फुटतात, सुरुवातीला आजार थोडा चिघळूही शकतो. स्त्री रुग्ण असेल तर औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये; बाळात गंभीर व्यंग येतं. डॉक्सीसायक्लिन हे सूज कमी करणारं अँटिबायोटिकही या आजारात देतात, पण दोन्ही एकत्र घेतल्यास मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. दुकानातून जुन्या चिठ्ठीवर औषध आणणाऱ्याला हे कोण सांगणार? ठणकणाऱ्या गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन, हट्टी आजारात अडालिमुमॅबसारखं जैविक औषध, आणि शेवटी पोखरलेली कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, असे पुढचे मार्ग आहेत. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेत क्वचित कर्करोगही होतो, म्हणून न भरणारा, कडा उंचावलेला व्रण दिसला तर लगेच तुकडा तपासतात.

तिसऱ्या महिन्यात त्या तरुणाचा पू थांबला. औषध लगेच बंद केलं नाही. सगळं शांत झाल्यावरही ते काही महिने चालू ठेवावं लागतं. ज्या टक्कलांत पिशव्या नुसत्या सुजल्या होत्या, तिथे बारीक केस उगवले. माथ्यावरच्या पहिल्या जागी, जिथे चार वेळा चीर झाली होती, तिथे कातडी गुळगुळीत आणि चकचकीत झाली आहे. व्रणाखाली पिशवीच उरलेली नाही, त्यामुळे तिथे आता केस येणार नाहीत.