रोख्याची क्लीन प्राइस, डर्टी प्राइस आणि उपार्जित व्याज : एका सरकारी रोख्याच्या आधारे विवेचन

प्रस्तावना :

भारतीय रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ रोजी 'रिटेल डायरेक्ट' योजना सुरू केल्यानंतर व्यक्तिगत गुंतवणूकदारास केंद्र सरकारचे रोखे थेट खरेदी करणे शक्य झाले. अशा खरेदीत नवख्या गुंतवणूकदारास एक गोष्ट हमखास खटकते. पडद्यावर दिसलेली किंमत आणि खात्यातून प्रत्यक्षात वजा झालेली रक्कम यांचा मेळ बसत नाही. हा फरक दलाली किंवा छुपे शुल्क असावे, असा समज होतो. वस्तुतः तो उपार्जित व्याजाचा असतो. प्रस्तुत लेखात या व्याजाचे स्वरूप, त्याची गणनापद्धती आणि त्याचा अर्थ लावताना होणाऱ्या चुका यांचा विचार केला आहे.

संकल्पना :

दिनांकित सरकारी रोख्यावरील व्याज सामान्यतः दर सहा महिन्यांनी दिले जाते. या व्याजहप्त्यास कूपन म्हणतात. व्याज मात्र दररोज साचत असते. कूपनच्या दिवशी रोखा ज्याच्या नावावर असेल, त्याला संपूर्ण सहामाहीचे व्याज मिळते. सहामाहीत त्याने रोखा किती दिवस बाळगला, याचा हिशोब सरकार ठेवत नाही. त्यामुळे दोन कूपन तारखांच्या दरम्यान रोखा विकला गेल्यास विक्रेत्याच्या वाट्याचे व्याज खरेदीदाराने त्याला व्यवहाराच्या वेळीच चुकते करावे लागते. हेच उपार्जित व्याज होय. बँकांच्या हिशोबात यास खंडित कालावधीचे व्याज असेही म्हटले जाते.

उपार्जित व्याज वगळून सांगितलेली किंमत म्हणजे क्लीन प्राइस, अर्थात निव्वळ किंमत. तीत उपार्जित व्याज मिळविले की डर्टी प्राइस, अर्थात सव्याज किंमत मिळते. बाजारात बोली निव्वळ किमतीत लागते, तर पैसे सव्याज किमतीने चुकते होतात.

उदाहरण :

'७.१८% जीएस २०३३' हा केंद्र सरकारचा रोखा १४ ऑगस्ट २०३३ रोजी परिपक्व होतो. त्याचे कूपन दरवर्षी १४ फेब्रुवारी व १४ ऑगस्ट रोजी देय असते. एका गुंतवणूकदाराने या रोख्याची १ लाख रुपये दर्शनी मूल्याची खरेदी २८ मे २०२५ रोजी केली, असे समजू. निव्वळ किंमत उदाहरणापुरती प्रति १०० रुपयांस १०५.५० रुपये धरू.

सरकारी रोख्यांच्या दुय्यम बाजारात व्यवहाराची पूर्तता पुढील कामकाजाच्या दिवशी होते. म्हणून पूर्तता दिनांक २९ मे ठरतो व व्याज या दिनांकापर्यंत मोजले जाते. भारतात दिनांकित सरकारी रोख्यांसाठी प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरण्याची पद्धत आहे. १४ फेब्रुवारी ते १४ मे हे ३ महिने म्हणजे ९० दिवस आणि पुढील १५ दिवस, असे एकूण १०५ दिवस होतात.

निव्वळ किंमत : १,०५,५००.०० रुपये
उपार्जित व्याज : ७,१८० × १०५ ÷ ३६० = २,०९४.१७ रुपये
सव्याज किंमत : १,०७,५९४.१७ रुपये

१४ ऑगस्ट रोजी खरेदीदाराच्या खात्यात ३,५९० रुपये जमा होतील. यातील २,०९४.१७ रुपये त्याने विक्रेत्यास आधीच दिलेले असल्याने ती केवळ परतफेड आहे. उरलेले १,४९५.८३ रुपये हे ७५ दिवसांचे त्याचे स्वतःचे उत्पन्न होय. अडीच महिन्यांत सहा महिन्यांचे व्याज मिळाले, असे वरकरणी वाटले तरी तो लाभ आभासी असतो.

गणनेतील चुका :

पहिली चूक दिनांकाची असते. पूर्ततेऐवजी व्यवहाराचा दिनांक धरल्यास १०४ दिवसांचेच व्याज येते व १९.९४ रुपयांचा फरक पडतो. दुसरी चूक दिवस मोजण्याच्या पद्धतीची असते. दिनदर्शिकेनुसार या काळात १०४ दिवस आहेत. ते ३६५ दिवसांच्या वर्षाशी पडताळल्यास व्याज २,०४५.८१ रुपये येते. कंपन्यांच्या रोख्यांसाठी प्रत्यक्ष दिवस मोजण्याची पद्धत रूढ आहे, सरकारी रोख्यास मात्र ती लागू पडत नाही. म्हणून हिशोब जुळत नसल्यास प्रथम या दोन बाबी तपासाव्यात.

दोन किमती कशासाठी :

बाजारातील व्याजदर आणि निव्वळ किंमत स्थिर राहिली, असे मानले तरी वरील रोख्याची सव्याज किंमत १ लाखामागे रोज १९.९४ रुपयांनी वाढत जाते आणि कूपनच्या दिवशी ३,५९० रुपयांनी खाली येते. तिचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. केवळ सव्याज किंमत पाहणाऱ्यास त्या दिवशी बाजार कोसळला असे वाटेल, प्रत्यक्षात फक्त साचलेले व्याज वाटले गेलेले असते. निव्वळ किंमत हा चढउतार बाजूला काढते व बाजाराच्या मूल्यांकनातील बदल दाखविते.

तथापि ही विभागणी सोयीची आहे, संपूर्णतः काटेकोर नाही. उपार्जित व्याज सरळव्याजाने मोजले जाते, तर रोख्याचे मूल्य चक्रवाढीने वाढते. कूपनदर व बाजारातील परतावा दोन्ही ७.१८ टक्के असल्यास निव्वळ किंमत १०० असावी, अशी अपेक्षा असते. परंतु १०५ व्या दिवशी सव्याज किंमत १०२.०७८८ येते. तीतून २.०९४२ वजा करता निव्वळ किंमत ९९.९८४६ उरते. १ लाखामागे सुमारे १५ रुपयांची ही घट तोटा नसून पद्धतीचा परिणाम आहे. कूपनच्या दिवशी ती नाहीशी होते.

करविषयक बाजू :

खरेदीच्या वेळी दिलेले हे व्याज खर्च मानावे की रोख्याच्या मूळ किमतीचा भाग, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते भांडवली स्वरूपाचे मानून वजावट नाकारली. पुढे बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हेतूस महत्त्व दिले. बँकेने रोखे व्यापारी साठा म्हणून बाळगले असल्यास असे व्याज वजावटीस पात्र ठरते, गुंतवणूक म्हणून धारण केले असल्यास ठरत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. म्हणजे विक्रेत्यास दिलेली तीच रक्कम धारकाच्या हेतूनुसार निराळी वागणूक मिळविते. व्यक्तिगत गुंतवणूकदारानेही व्यवहाराच्या टिपणातील निव्वळ किंमत व उपार्जित व्याज हे आकडे वेगवेगळे नोंदवून ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

समारोप :

उपार्जित व्याज हे खरेदीदाराने विक्रेत्यास दिलेले व पुढील कूपनमधून परत मिळणारे आगाऊ देणे आहे. ते रोखा महाग झाल्याचे लक्षण नव्हे आणि पहिल्या कूपनमधून परत येणारी ती रक्कम नफाही नव्हे. दोन रोख्यांच्या किमतींची तुलना निव्वळ किमतीवरून करावी, आपल्या खात्यातून किती पैसे जातील हे सव्याज किमतीवरून पाहावे आणि पहिल्या कूपनमधून दिलेले व्याज वजा करूनच आपले उत्पन्न मोजावे.